आधी डोळे तपासा, मग सातबारा काढा

जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पाच जणांनी पोलिसांच्या गोळ्या छातीवर झेलल्या, तेव्हा कुठे सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क या मातीला मिळाला. दि. बा. पाटलांनी तो लढा रस्त्यावर उतरून जिंकला. पुढे उलवे, कोपर, कोंबडभुजे, तरघर या गावांच्या छातीवर विमानतळ उभा राहायचे ठरले, तेव्हा साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज आले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. गावठाण गेले, मिठागर गेले, खाडी बुजली. हाती राहिला तो एक भूखंड. आज तो भूखंडही विकला जातो आहे, आणि तो विकायला लावणारे लोक आमच्या पोरांच्या हातात पायलटच्या गणवेशाचे छायाचित्र ठेवून जात आहेत!

हा व्यवहार आम्ही लूट मानतो आणि त्याला लूटच म्हणणार. पन्नास लाखांच्या घरातला खर्च सांगायचा, त्यातले दहा-पंधरा लाख प्रवेशाच्या दिवशी घ्यायचे, ‘परत मिळणार नाही’ अशी ओळ करारात बारीक अक्षरांत घालायची, आणि या मुलाचे शरीर कायद्याच्या कसोटीला उतरते का, याला पेपर सुटतील का, हे दोन प्रश्न बापाला विचारूच द्यायचे नाहीत. बाप विचारत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेलेच नसते. विमानतळ दारात आला म्हणजे वैमानिकाची खुर्चीही दारात आली, असे त्याच्या मनात भरवून दिलेले असते. विमान कंपन्या वैमानिक घेतात ते देशभरातून घेतात. उलव्याच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानात उलव्याचा मुलगा बसेल अशी कोणतीही तरतूद कोणत्याही कागदावर नाही.

या लुटीला वाट करून देणारी फट नियमांतच आहे. ती पाहिल्याशिवाय दलालाचा डाव उमगत नाही. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, देणारी यंत्रणा नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. आपण सगळे तिला डीजीसीए म्हणतो. परवाना मागताना तिच्यापुढे मुख्यतः तीन गोष्टी ठेवाव्या लागतात: २०० तासांचे उड्डाण, सुटलेले लेखी पेपर आणि क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्र. तिन्ही एकत्र असतील तर परवाना, एकही नसेल तर नाही. पण प्रशिक्षण सुरू करायला मात्र यातले काहीही लागत नाही! विद्यार्थी वैमानिकाचा परवाना क्लास टू वैद्यकीय प्रमाणपत्रावर मिळतो. तेवढ्यावर मुलगा विमानात बसतो, तास भरतात, हप्ते जातात. क्लास वनची तपासणी आणि पेपर शेवटी केले तरी कायद्याला चालते. बापाच्या खिशाला ते चालत नाही, आणि दलालाला नेमके तेच हवे असते.

क्लास टू आणि क्लास वन यांत फरक काय, हे एका डोळ्याच्या उदाहरणावरून पाहू. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार क्लास टूला प्रत्येक डोळ्याची दूरची दृष्टी ६/१२ आणि दोन्ही डोळे मिळून ६/९ असली की पुरते. क्लास वनला प्रत्येक डोळा वेगळा तपासून ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ लागते. चष्मा लावून आकडा गाठला तरी चालतो, आणि ही गोष्ट आमच्या गावांत अजून पोचलेली नाही. चष्मा लागला म्हणून पायलट होण्याची आशा सोडून दिलेली हुशार मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांची वाट चष्म्याने अडवलेली नव्हती, चुकीच्या माहितीने अडवली होती.

आता समजा, पेणच्या एका मुलाचा डावा डोळा लहानपणापासून आळशी आहे. डॉक्टर त्याला अँब्लिओपिया म्हणतात. बालपणी एका डोळ्याचा नंबर जास्त होता, चष्मा वेळेवर लागला नाही, आणि मेंदूने त्या डोळ्याकडून नीट बघून घ्यायचे शिकलेच नाही. उजवा डोळा उत्तम असल्यामुळे मुलाला आयुष्यात कधी काही जाणवले नाही. तो क्रिकेट खेळतो, रात्री मोटारसायकल चालवतो. तपासले तर डावा डोळा चष्मा लावूनही ६/१२ च्या पुढे जात नाही. क्लास टूला तो पास होतो. विद्यार्थी परवाना मिळतो. बाप भूखंडाचा व्यवहार करून पहिला हप्ता भरतो. दीड-दोन वर्षे तास भरतात. मग कोणीतरी सांगते, आता क्लास वन करून घे. मुलगा केंद्रावर जातो, एक डोळा झाकून तक्त्याची खालची ओळ वाचायला सांगतात, आणि ती ओळ वाचता येत नाही. या वयात आळशी डोळ्याला चष्मा सुधारत नाही, शस्त्रक्रियाही सुधारत नाही. क्लास वनच्या निकषात मुलगा बसत नाही. चाळीस लाख गेलेले असतात, आणि हा निकाल पहिल्या दिवशीही हाच लागला असता. कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे दहा मिनिटांत कळला असता!

दहा मिनिटांचे हे काम चाळीस लाख संपेपर्यंत लांबवणाऱ्याला मार्गदर्शक म्हणवून घेण्याचा काय अधिकार?

रंगांच्या बाबतीतही असेच. ठिपक्यांच्या पाट्यांमधले आकडे वाचायला देतात. ते वाचता आले नाहीत तर पुढे दिव्याची चाचणी असते. हा नियम कोणा बाबूच्या लहरीतून आलेला नाही. विमानाच्या डाव्या पंखावर लाल आणि उजव्या पंखावर हिरवा दिवा असतो, रात्री समोरचे विमान आपल्याकडे येते आहे की दूर जाते आहे हे त्यावरून ओळखायचे. आपल्या मच्छीमार बोटींवरही डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, त्यामुळे मुरूड-आगरदांड्याच्या तांडेलाला हे वेगळे समजवावे लागणार नाही. धावपट्टीशेजारचे पांढरे आणि लाल दिवे उतरणाऱ्याला सांगतात की तू उंच आहेस की खाली. रेडिओ बंद पडला तर नियंत्रण मनोऱ्यातून हिरवा झोत येतो तो उतरण्याच्या परवानगीचा, आणि लाल येतो तो थांबून घिरट्या घाल असे सांगणारा. हे दोन रंग ज्याला सारखे दिसतात त्याच्या हाती प्रवासी कसे द्यायचे? जन्मजात रंगदोष मुलाला बहुधा आईकडून येतो. आईला स्वतःला तो नसतो, तिच्या वडिलांना किंवा भावाला असू शकतो. म्हणून मामा-आजोबांना लाल-हिरव्यात घोळ होत असेल तर मुलाची ही तपासणी सर्वांत आधी. त्यावर औषध नाही. रंगीत काचा विकून ‘पास करून देतो’ म्हणणारा माणूस भेटला तर त्याला दारातूनच हाकला. तशा काचा लावून दिलेली चाचणी मान्य होत नाही.

कानाचे सांगितलेच पाहिजे, कारण किनाऱ्यावरच्या मुलांचा कान विहिरीत आणि खाडीत पोहून वाहत असतो आणि घरात कोणी ते मनावर घेत नाही. क्लास वनला आवाजबंद खोलीत कानाचा आलेख काढतात. ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त श्रवणदोष चालत नाही. वाहता कान आधी बरा करावा लागतो, पडद्याला भोक असेल तर कान-नाक-घसातज्ज्ञाचे मत घ्यावे लागते. त्याशिवाय छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख, पोटाची सोनोग्राफी, रक्त, लघवी हे सगळे होते. लहानपणी झटके आले होते का, बेशुद्ध पडला होता का, मनाच्या आजाराची औषधे चालू आहेत का, हेही विचारतात. झटक्यांचा इतिहास हा गंभीर अडथळा आहे, आणि इन्शुलिन घ्यावे लागणाऱ्या मधुमेहाला आपल्या नियमांत जागा नाही. या प्रश्नांची खोटी उत्तरे लिहायला शिकवणारे दलाल आहेत! खोट्या माहितीवर मिळवलेले प्रमाणपत्र पुढे केव्हाही रद्द होऊ शकते. ते उद्या ज्या विमानात उघडे पडेल त्यात दीडशे माणसे बसलेली असतील, एवढा विचार त्यांनी कधी केला आहे काय?

वैद्यकीय तपासणीत ‘अनफिट’ हा शब्द ऐकला की घर कोसळते, म्हणून त्यातला फरक पालकांनी जाणून घ्यावा. रक्तदाब वर आला, वजन जास्त निघाले, हिमोग्लोबिन कमी आले, हर्निया निघाला तर निकाल ‘तात्पुरता अनफिट’ असतो. उपचार करून ठरल्या मुदतीने पुन्हा जायचे. कायमचा निकाल लागला तरी फेरतपासणी मागता येते. पण यात महिने जातात, आणि हे महिने पैसे भरण्याआधीचे असले तर फक्त धीर लागतो. पैसे भरल्यानंतरचे असले तर प्रत्येक महिन्याला वसतिगृहाचे भाडे आणि कर्जाचे व्याज लागते. लेझर शस्त्रक्रियेने नंबर घालवण्याचा बेत असेल तर तिच्यानंतर दृष्टी स्थिर झाल्याची वाट पाहावी लागते. तेव्हा तो निर्णयही प्रवेशाच्या आधी, क्लास वनचे नियम जाणणाऱ्या डॉक्टरला विचारून घ्यायचा.

क्रम असा आहे. डीजीसीएच्या यादीवरच्या डॉक्टरकडे आधी क्लास टू. त्याचा निकाल आला, नोंद झाली की लगेच क्लास वनची वेळ मागायची. क्लास वनची पहिली तपासणी वर्षानुवर्षे हवाई दलाच्या दिल्ली, बंगळुरू, जोरहाट अशा केंद्रांवर होत आली. आता मान्यताप्राप्त नागरी केंद्रेही आहेत. या दोन्ही तपासण्यांना जाण्यायेण्यासह काही हजार रुपये लागतात. सरकार स्वतःच्या पैशाने वैमानिक घडवते तेव्हा काय करते ते पाहा. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत पाऊल टाकण्याआधी उमेदवाराचे डोळे, कान, हृदय, पाठीचा कणा सगळे तपासून होते. अनफिट मुलावर सरकारी तिजोरीतला एक रुपया खर्च होत नाही. आगरी-कोळ्याच्या भूखंडाचा रुपया मात्र तपासणीआधी खर्च झाला तर कोणाचे काही बिघडत नाही! तिजोरी सरकारची असली की कसोटी आधी आणि रयतेची असली की कसोटी शेवटी, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

आता पेपरांकडे. एअर रेग्युलेशन्स, मेटिऑरॉलॉजी, एअर नेव्हिगेशन, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर शिकतो त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात ७० टक्के हवेत. सरासरी चालत नाही. एका पेपरात ९५ आणि दुसऱ्यात ६९ पडले तर दुसरा नापास. त्याखेरीज रेडिओवर बोलण्याची आरटीआर परीक्षा. ती पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती, २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती विमान वाहतूक यंत्रणेकडे आणली. पेपर पर्यायी उत्तरांचे असतात, आणि म्हणूनच दलाल म्हणतो, ‘टिकच करायची आहे, पाठ करून होते.’ हे धादांत खोटे आहे.

नेव्हिगेशनचा एक प्रश्न आपल्याच किनाऱ्यावर मांडून दाखवतो. तुम्ही जुहूहून सरळ दक्षिणेकडे निघालात. डावीकडे अलिबाग, मुरूड, दिघी मागे पडले. ६० सागरी मैल झाले, म्हणजे श्रीवर्धनच्या सुमारास आलात, आणि लक्षात आले की वाऱ्याने तुम्हाला ठरलेल्या रेषेच्या उजवीकडे, समुद्रात, ४ मैल नेले आहे. मुक्कामाचे ठिकाण अजून ४० मैल पुढे आहे. थेट तिथे पोचायला दिशा किती अंश बदलाल? पाठांतरवाला ४ अंश डावीकडे म्हणतो, कारण साठ मैलांत चार मैल चुकले तर चार अंशांची चूक, एवढे सूत्र त्याने घोकलेले असते. तेवढे वळला तर तो ठरलेल्या रेषेला समांतर, चार मैल समुद्रातच उडत राहील. मुक्काम त्याला सापडणार नाही. रेषेवर परत यायला उरलेल्या ४० मैलांत ४ मैल भरून काढायचे आहेत. चार गुणिले साठ भागिले चाळीस, म्हणजे आणखी ६ अंश. एकूण १० अंश डावीकडे. गणित सातवीचे आहे, पण चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले नाही तर ते सुटत नाही. परीक्षेत असे प्रश्न घड्याळाशी झुंजत सोडवायचे असतात, आणि त्यांच्या जोडीला वाऱ्याचा त्रिकोण, नकाशांचे प्रक्षेप, खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक. ज्या अलिबागेत १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होते आहे, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची वेधशाळा ज्या अलिबागेने आपल्या अंगणात घेतली, तिथल्या मुलाला होकायंत्र कुठे आणि का चुकते हे प्रशिक्षणाचे पैसे भरल्यानंतर पहिल्यांदा कळावे, याची आम्हाला चीड येते.

पेपर मागे राहिले की काय होते, याचा हिशेब कोणतीही जाहिरात छापत नाही. परीक्षा रोज होत नाही, वर्षात ठरावीक सत्रे असतात. एक हुकले की काही महिने गेले. तोवर शिस्तीची संस्था पुढचे उड्डाण देत नाही आणि बेशिस्त संस्था तास भरून घेते. दुसरी गोष्ट अधिक घातक. परवान्याचा अर्ज करण्याआधीच्या सहा महिन्यांत किमान १५ तास तुम्ही स्वतः मुख्य वैमानिक म्हणून उडवलेले असावे लागतात, आणि उड्डाणकौशल्याच्या चाचण्याही तशाच ताज्या लागतात. समजा २०० तास मार्चमध्ये संपले आणि नेव्हिगेशनचा पेपर पुढच्या वर्षीच्या जानेवारीत सुटला. मार्चचे तास आता शिळे झाले. पुन्हा १५ तास उडवा. तासाला चौदा हजार धरले तर दोन लाख दहा हजार. चाचण्यांचे तास वेगळे, विमानाच्या रांगेत थांबण्याचे दिवस वेगळे. चाळिशीच्या आतल्या वैमानिकाचे क्लास वन बारा महिन्यांचे असते. तेही मध्ये संपले असेल तर पुन्हा करा. हा सगळा पैसा परवान्यात काहीही भर घालत नाही. पेपर आधी सुटले असते तर यातला एक रुपया लागला नसता.

आणि पेपर सुटतच नाहीत तेव्हा? तेव्हा माणसे नको त्या वाटेला जातात. मार्च २०११ मध्ये एका मोठ्या विमान कंपनीच्या सेवेतील कप्तान बाईंना अटक झाली. वरच्या दर्जाच्या परवान्यासाठी नापास पेपरच्या जागी बनावट गुणपत्रिका लावल्याचा आरोप होता. गोव्याच्या धावपट्टीवर विमान पुढच्या चाकावर उतरवले गेले, त्याच्या चौकशीतून धागा लागला होता. देशभरातल्या परवान्यांची झाडाझडती सुरू झाली आणि आणखी बनावट गुणपत्रिका सापडल्या. ‘पेपरचे आम्ही बघून घेऊ’ असे कोणी दलाल म्हणाला तर तो तुमच्या मुलाला कोणत्या दारात नेऊन उभा करतो आहे, ते यावरून ओळखा.

परदेशाचे आमिष दाखवणाऱ्यांनाही इथेच उत्तर देतो. अमेरिकेत, दक्षिण आफ्रिकेत, न्यूझीलंडमध्ये तास लवकर भरतात हे खरे. पण तिथला परवाना घेऊन परतणाऱ्यालाही भारतीय परवान्यासाठी इथल्या रेग्युलेशन्सचा पेपर आणि नेव्हिगेशन-मेटिऑरॉलॉजीचा एकत्र पेपर द्यावाच लागतो, आणि क्लास वन डीजीसीएचेच लागते. तिकडच्या डॉक्टरचे प्रमाणपत्र इथे चालत नाही. परत आल्यावर इथे अनफिट ठरलेल्या मुलाच्या हातात एक परदेशी कार्ड आणि बापाच्या डोक्यावर डॉलरमधले कर्ज उरते.

या साऱ्यात डीजीसीएची जबाबदारी मोठी आहे आणि तिला आम्ही सोडणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने प्रथमच देशातल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी जाहीर केली. ए प्लस आणि ए या वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही! तेरा बी श्रेणीत आणि बावीस सी श्रेणीत. देशाच्या नियंत्रकाने स्वतःच्या सहीने कबूल केले की अव्वल म्हणावी अशी एकही शाळा या देशात नाही, आणि तरीही त्याच शाळांना क्लास टूवर आलेल्या मुलाकडून लाखांचे हप्ते घेण्याची मुभा आहे. आमची मागणी सरळ आहे. क्लास वन प्रमाणपत्र आणि रेग्युलेशन्स, मेटिऑरॉलॉजी, नेव्हिगेशन हे तीन पेपर सुटल्याखेरीज कोणत्याही संस्थेने नोंदणीशुल्कापलीकडे पैसा घेऊ नये, असा नियम करा. प्रत्येक संस्थेत किती मुले आली, किती जणांना परवाना मिळाला आणि सरासरी किती महिन्यांत मिळाला, हे आकडे दारावर लावायला भाग पाडा. हे करायला संसदेचा नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते.

आमच्या पुढाऱ्यांनाही दोन शब्द. विमानतळाला दिबांचे नाव मिळावे म्हणून २४ जून २०२१ रोजी हजारो लोक सिडकोच्या दारावर गेले, तुम्ही त्यांच्या पुढे होता. आज त्याच लोकांच्या मुलांना ‘पायलट बना’ म्हणून सभागृहात जमवणाऱ्या दलालांच्या व्यासपीठावर तुम्ही हार घालून घेता. त्या सभागृहात एक नेत्रतज्ज्ञ आणि एक कानतज्ज्ञ बसवा. ठिपक्यांची पाटी ठेवा, सहा मीटरवर तक्ता लावा. एका दुपारी शंभर मुलांच्या बापांचे भूखंड वाचतील. तेवढे जमत नसेल तर त्या व्यासपीठावर जाऊ नका.

आणि आता पालकांशी बोलतो, कारण सही शेवटी तुमची असते. बारावीचा निकाल लागतो तेव्हा पावसाळा तोंडावर असतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढगांमुळे उड्डाण फारसे होत नाही, तेव्हा ‘लगेच या, जागा भरतात’ म्हणणाऱ्याला पावसात तुमच्या मुलाला उडवायचे नसते, हप्ता घ्यायचा असतो. त्याच काळात नेत्रतज्ज्ञ, मग क्लास टू, मग क्लास वन करून घ्या. परीक्षेला बसण्यासाठी डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर लागतो, आणि त्यासाठी बारावीच्या गुणपत्रिकेची मंडळाकडून पडताळणी लागते. रायगडच्या मुलांना त्यासाठी वाशीचे विभागीय मंडळ आहे. इथे एक बारीक गोष्ट घोळ घालते. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, वडिलांचे नाव शेवटी असते. पासपोर्टवर मांडणी वेगळी, कधी स्पेलिंगच वेगळे. सगळ्या कागदांवर नाव एकच करून घ्या, नाहीतर सत्र हुकते. बारावीला भौतिकशास्त्र-गणित नसेल तर आधी मुक्त विद्यालयातून ते दोन विषय द्या. मग घरी राहून वा मुंबईच्या एखाद्या ग्राउंड क्लासला जाऊन पेपर द्या. क्लासची फी, परीक्षांचे शुल्क, दोन्ही तपासण्या, सगळे धरले तरी एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत बसते. मुलगा नेव्हिगेशनला दोनदा बसून कंटाळला, हे त्या दहाव्या हिश्श्यात कळले तर भूखंड जागेवर असतो आणि मुलगा दुसरी वाट धरू शकतो.

मुलींच्या आईवडिलांना तर मुद्दाम सांगतो, कारण त्यांना ‘मुलगी आहे, सवलत मिळेल’ असे गाजर दाखवले जाते. डोळ्याचा तक्ता, कानाचा आलेख आणि ७० टक्के सगळ्यांना सारखे आहेत, आणि ते सारखे आहेत म्हणूनच रेवदंड्याची मुलगी दिल्लीच्या मुलाच्या बरोबरीने त्या खुर्चीत बसू शकते.

रायगडकरांनो, क्लास वनचे प्रमाणपत्र आणि किमान तीन पेपरांचे निकाल हातात घेऊन मगच उड्डाण संस्थेच्या दारात जा. तिथे करार मराठीत समजावून मागा, पैसे परत मिळण्याची अट लिहून घ्या, हप्ता उडवलेल्या तासांनुसार द्या. जी संस्था याला नकार देईल तिथून उठून या. दिबांनी आणि त्या पाच हुतात्म्यांनी मिळवून दिलेल्या भूखंडाच्या कागदावर, त्याआधी कोणीही कितीही गळ घातली तरी, सही करू नका.